जुलैचं पाणी कुणाचं? प्रवरेच्या चढणीच्या माशांची बाजू

दरवर्षी ऑक्टोबर आला की आपल्याकडे एकच विषय असतो. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही. मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो, कोर्टात धावपळ होते, चॅनलवाले येऊन धरणाच्या भिंतीवर उभे राहतात. मीही त्या बातम्या वीसेक वर्षं केल्या. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असं शीर्षक टाकलं की बातमी चालते. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्याही उशिरा लक्षात आली. या भांडणात ऊस आहे, कांदा आहे, बिअर कंपन्या आहेत, पिण्याचं पाणी आहे, आमदार-खासदार तर आहेतच. नाही ती फक्त नदी. जिच्यातून पाणी जातं तिचा स्वतःचा हिस्सा किती, हा प्रश्न ना नगरवाल्यांनी विचारला, ना मराठवाड्यानं. नदीत राहिलेल्या पाण्याला आपल्या सरकारी भाषेत शब्द आहे ‘वहनव्यय’. म्हणजे वाटेत वाया गेलेलं. नदीत पाणी असणं म्हणजे वाया जाणं, इथपर्यंत आपण आलो आहोत.

आज हे लिहायला कारण म्हणजे एक साधी गोष्ट. मागं नेवासा तालुक्यात नदीकाठी एका म्हाताऱ्या भोई काकांशी बोलत होतो. मी विचारलं, मासे कमी का झाले? मला वाटलं, प्रदूषण म्हणतील, कारखान्याची मळी म्हणतील. ते म्हणाले, “मळी तर हायेच. पण मासा चढायचा कधी? जूनला पूर येतच नाही ना आता. पूर येतो तवा माशाच्या पोटातली अंडी गेलेली असत्यात.”

त्या एका वाक्यात नद्यांचं शास्त्र आहे. बाकीचं मी नंतर वाचून आणि इंजिनिअर लोकांना विचारून समजून घेतलं. ते आता सांगतो.

चढणीचा मासा म्हणजे काय

पहिल्या पावसानंतर नदीला गढूळ पाणी येतं, तेव्हा मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. लहानपणी ओढ्यात टोपलं लावून ते ज्यांनी धरले असतील त्यांना वेगळं सांगायला नको. पण ते वर का जातात, हे आपण कधी विचारलं नाही. मासा फिरायला जात नाही. वरच्या अंगाला पाणी उथळ असतं, तळाला खडे-गोटे असतात, पाण्यात हवा भरपूर असते. अंडी तिथं टिकतात. खाली डोहात गाळात घातली तर गुदमरून मरतात.

सगळेच मासे चढत नाहीत, हेही लक्षात घ्या. मरळ साचलेल्या पाण्यात आरामात जगतो. चिलापी तर कुठंही, कशातही. ज्याला वाहती नदी लागतेच असा आपला मासा म्हणजे खडस, अर्थात महसीर. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा. त्याचं शास्त्रीय नावच आपल्या मराठी नावावरून पडलं आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर फिरला आणि १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांची नोंद छापली. त्यात या माशाला त्यानं ‘खुद्री’ म्हटलं. आजही जगभर त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. हा मासा पावसाळ्यात वर चढतो, खड्यांमध्ये अंडी घालतो, आणि त्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडायला तीन-चार दिवस लागतात. हे तीन-चार दिवस लक्षात ठेवा. पुढं हिशोबात लागणार आहेत.

माशाला निघायची सूचना कोण देतं? कॅलेंडर नाही. पाण्याची पातळी वाढणं, पाणी थोडं गार होणं, गढूळ होणं, प्रवाहाला जोर येणं, या सगळ्याची मिळून ती सूचना असते. म्हणजे जून-जुलैतला पहिला पूर ही माशासाठी एसटीची घंटा आहे. घंटाच वाजली नाही तर प्रवासी स्टँडवरच बसून राहणार.

टोक्यापासून रंधा धबधब्यापर्यंत

आता प्रवरेत एक मासा वर निघालाय असं समजा आणि त्याच्या सोबत चला.

तो निघतो प्रवरासंगम-टोक्याजवळून, जायकवाडीच्या फुगवट्यातून. १९७६ला जायकवाडी पूर्ण झालं तेव्हापासून या भागातल्या माशांसाठी गोदावरीचं खालचं जग संपलं. पैठणच्या भिंतीच्या खाली काय आहे, याच्याशी वरच्या माशाचा संबंध उरला नाही. पण नाथसागर एवढा मोठा आहे की मासा त्यात वाढतो आणि अंड्यासाठी वर प्रवरेत, मुळेत, गोदावरीत शिरायला बघतो. म्हणजे वाट तुटली तरी अर्धी वाट शिल्लक होती.

नेवाशाच्या पुढं गेलं की बंधारे सुरू होतात. कोल्हापूर पद्धतीचे, आपण ज्यांना केटी म्हणतो ते. या बंधाऱ्याची मूळ रचना खरं तर चांगली आहे. खांब उभे, मधे फळ्या. पावसाळ्यात फळ्या काढायच्या, पूर मोकळा जाऊ द्यायचा, गाळही त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा. पावसाळा संपता संपता फळ्या टाकायच्या आणि शेवटचं पाणी अडवायचं. कागदावर हा बंधारा माशाला अडवतच नाही. प्रत्यक्षात काय होतं ते नदीकाठच्या प्रत्येकाला माहीत आहे. फळ्या वेळेवर निघत नाहीत. काही गंजून अडकलेल्या असतात, काही ठिकाणी काढायला माणूस नसतो, काही ठिकाणी काढून ठेवल्या तर चोरीला जातात म्हणून काढत नाहीत. आणि ‘यंदा पाऊस आला नाही तर?’ ही भीती असतेच. ती भीती खोटी नाही, मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे.

फळ्या निघाल्या तरी दुसरी अडचण आहे, आणि ती मला स्वतःला बघेपर्यंत कळली नव्हती. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची वाळू उपसली की नदीचा तळ खाली जातो. बंधाऱ्याचा काँक्रीटचा पाया मात्र आहे तिथंच राहतो. मग पायापासून खालच्या पाण्यापर्यंत हात-दोन हातांची पायरी तयार होते. खडस ताकदीचा आहे, उडी मारेल, पण उडीसाठी खाली खोल पाणी लागतं. खाली उघडा कातळ आणि घोट्याएवढं पाणी असेल तर तो कुठून उडी घेणार? ती पायरी बुडेल एवढं पाणी आलं तरच वाट मोकळी. नाहीतर मासे बंधाऱ्याच्या पायाशी गोळा होतात आणि तिथं जाळं लावून बसलेल्याला अंड्यांनी भरलेली मादी आयती मिळते.

तिथून वर गेलं की ओझरचा बंधारा. संगमनेर तालुक्यातला, इंग्रजांच्या काळातल्या योजनेतला. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून इथपर्यंत येतं आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यात जातं. म्हणजे ओझरच्या वर प्रवरा ही आवर्तनाची नदी आहे. आवर्तन आलं की वाहते, संपलं की आटते. ओझरच्या खाली मात्र, कालव्याला देऊन उरलं तरच नदी. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यातली प्रवरा म्हणजे खरं तर केटीच्या डबक्यांची माळ आहे.

ओझरच्या पुढं आढळा आणि म्हाळुंगी येऊन मिळतात. दोन्हींवर वर धरणं आहेत, पण त्यांच्या खालच्या भागात पावसाचं थोडं मोकळं पाणी अजून येतं. त्याच्या वर निळवंडे. आणि निळवंड्याच्या वर रंधा धबधबा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण धरणविरोधी लिहिणारे ती सांगत नाहीत. रंधा धबधबा पार करून खालचा मासा कधीच वर गेलेला नाही. तो कडा माशाला चढता येण्यासारखा नाहीच. भंडारदऱ्याचं धरण त्या धबधब्याच्याही वर आहे. तेव्हा १९२६ला विल्सन साहेबाच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या भिंतीनं माशाची वाट अडवली, असं म्हणणं चुकीचं होईल. निसर्गानंच ती तिथं अडवलेली होती.

मग भंडारदऱ्याचा दोष काय? भंडारदरा भिंत म्हणून आड आला नाही, नळ म्हणून आला. त्यानं वाट तोडली नाही, वेळ तोडली.

वेळ कशी तुटली

आपल्याकडची म्हण झालीय की भंडारदरा १५ ऑगस्टच्या आत भरतं. भरलं की पेढे वाटतो, जलपूजन करतो, पहिल्या पानावर फोटो छापतो. पण याचा दुसरा अर्थ असा की जून, जुलै आणि निम्मा ऑगस्ट, घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना, ते पाणी खाली येत नाही. ते धरणात साठत असतं. भंडारदरा ११ टीएमसी, त्याच्याखाली निळवंडे ८.३ टीएमसी. आधी एक भरणार, मग दुसरं. दोन्ही भरेपर्यंत खालच्या नदीला घाटमाथ्यावरचा पाऊस कळतच नाही. आणि संगमनेरपासून खाली आपला सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. इथल्या पावसानं प्रवरेला पूर येत नाही.

दोन्ही भरली की एकदम दरवाजे उघडतात. परवापर्यंत कोरडी असलेली नदी एका रात्रीत दुथडी वाहते, पुलाला पाणी लागतं, आणि आठवड्यात पुन्हा दरवाजे बंद. इथं ते तीन-चार दिवस आठवा. मासा उशिरा का होईना चढला, खड्यांवर अंडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी दरवाजे बंद करून पाणी उतरवलं तर अंडी उघडी पडून उन्हात सुकतात. पूर येऊनही पिल्लू नाही. भोई काका म्हणाले ते हेच.

धरणाच्या तळातून सोडलेल्या पाण्याची आणखी एक अडचण असते. ते गार असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. दगडांवरून आदळत काही अंतर गेल्यावर ते सुधारतं. त्यामुळे ओझरच्या खाली याचा त्रास कमी, निळवंड्याच्या लगत जास्त. म्हणजे नुसतं ‘पाणी सोडलं’ एवढं पुरत नाही. कधी सोडलं, किती वेळ सोडलं, आणि बंद कसं केलं, या तीन गोष्टींवर मासा जगतो की मरतो ते ठरतं. यालाच पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. बारा महिने एक बारीक धार सोडणं म्हणजे पर्यावरणीय प्रवाह नव्हे. ती धार माणसाच्या समाधानासाठी असते.

जो मासा परत येणार नाही

एका माशाबद्दल मात्र आशा दाखवणार नाही. साइक्सच्याच यादीत गोड्या पाण्यातला खरा ईल आहे. आपली वाम दिसायला तशीच, पण ती वेगळी, ती नदीतच अंडी घालते. हा ईल उलटा आहे. चढणीचे बाकीचे मासे अंडी घालायला वर जातात, हा अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची काडीएवढी पिल्लं समुद्रातून नदीत शिरतात आणि वर्षानुवर्षं चढत राहतात. विचार करा, एके काळी दख्खनच्या नद्यांत सापडणारा प्रत्येक ईल बंगालच्या उपसागरातून शेकडो किलोमीटर अंगाबळावर चढून आलेला होता.

गोदावरीवर पहिला मोठा अडथळा इंग्रजांनी समुद्राजवळ राजमहेंद्रीपाशी धवळेश्वरमला १८५२ साली बांधला. तिथल्या लोकांचा लाडका पुलसा मासा, म्हणजे हिलसा, आजही समुद्रातून तिथपर्यंतच येतो. त्यानंतर वर तेलंगणात आणि मराठवाड्यात किती बंधारे झाले, बघा. इतक्या भिंती पार करून ईल टोक्याला येणं आता शक्य नाही. हे मी यासाठी सांगतोय की नदीचे तुकडे झाले म्हणजे नेमकं काय गेलं, ते कळावं. काही गोष्टी कोणत्याही जीआरनं परत येत नाहीत. म्हणूनच ज्या येऊ शकतात त्यांच्यासाठी भांडायचं.

आणि वाळू?

आता ज्यांना माशांशी देणं-घेणं नाही त्यांच्यासाठी. माळकरी मंडळींनी इथून पुढं वाचलं तरी चालेल.

नदी पाण्याबरोबर दगड, वाळू, गाळ वाहून आणते. धरणात पाणी थांबलं की जड माल आधी तळाशी बसतो. वाळू फुगवट्याच्या तोंडाशी, गाळ आतपर्यंत. भिंतीवरून खाली पडतं ते गाळून घेतलेलं पाणी. ते भुकेलेलं असतं. त्याला आपलं ओझं भरायचं असतं, म्हणून ते खालच्या पात्रातली वाळू आणि काठाची माती उचलतं. पूर्वी पुरानं नेलेली वाळू पुढच्या पुरात भरून यायची. आता जाते, येत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. गोदावरी समुद्राला मिळते तिथं १९७०च्या दशकात दरवर्षी साधारण १५ कोटी टन गाळ पोचायचा, १९९०च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला, असा तिथल्या भूगोलाच्या अभ्यासकांचा हिशोब आहे. त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचतोय. तो गाळ गेला कुठं? आपल्या धरणांत आहे. गाळ काय करतो हे जवळ बघायचं असेल तर नांदूर मधमेश्वरला जा. १९११च्या सुमाराचा बंधारा, गाळानं असा भरला की त्याचं पाणथळ झालं, पक्षी आले, आणि पुढं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पक्ष्यांसाठी चांगलंच झालं. पण पाणी साठवायला बांधलेल्या बंधाऱ्याचं काय झालं, तेही त्यातच दिसतं.

आता आपल्या खिशाचा हिशोब. नदीचं एक किलोमीटर पात्र घ्या. रुंदी १०० मीटर, वाळूचा थर ३ मीटर. ही झाली ३ लाख घनमीटर वाळू. वाळूच्या पोकळीत सुटू शकणारं पाणी साधारण पाव हिस्सा धरतात. म्हणजे ७५ हजार घनमीटर पाणी. साडेसात कोटी लिटर. १० हजार लिटरचे साडेसात हजार टँकर. बाष्पीभवन जवळजवळ नाही, भिंत नाही, दरवाजे नाहीत, देखभाल नाही. काठच्या विहिरी या धरणावर चालायच्या.

तीच वाळू ब्रासमध्ये मोजली तर एक लाखाच्या थोडी वर भरते. २०२३ साली सरकारनं ६०० रुपये ब्रास दरानं वाळू डेपो काढले, आणि पहिला डेपो आपल्याच श्रीरामपूर तालुक्यात नायगावला निघाला. त्या दरानं या किलोमीटरची किंमत सहा-साडेसहा कोटी. एकदाच मिळणार. साडेसात कोटी लिटर पाणी मात्र दर पावसाळ्याला मिळत होतं.

वाळू तस्करांवर आपण सगळेच लिहितो. तहसीलदाराच्या गाडीवर डंपर घातला की राज्यभर बातमी होते. पण चोरीची वाळू आणि लिलावाची वाळू यात नदीच्या दृष्टीनं फरक नाही. केंद्राच्या नियमांप्रमाणे लिलावाआधी पुनर्भरणाचा अभ्यास व्हायला पाहिजे. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजायचं, किती वाळू नव्यानं आली ते बघायचं, आणि त्यापुरतीच उचलायची. ज्या नदीवर वर दोन धरणं आणि मधे ओझर आहे, तिथं नव्यानं किती येणार? लिलावाच्या जाहिरातीत ब्रासचा आकडा असतो. पुनर्भरणाचा आकडा मागून बघा.

कायदा काय म्हणतो

२०१२च्या राष्ट्रीय जलनीतीत स्पष्ट लिहिलंय की नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी बाजूला ठेवावा, आणि कमी पाणी व जास्त पाणी दोन्ही नैसर्गिक प्रवाहाच्या प्रमाणात सोडावं. २०१७ला राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की नद्यांत कोरड्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राहिलं पाहिजे. २०१८ला केंद्रानं गंगेसाठी अधिसूचना काढली. वरच्या गंगेत हिवाळ्यात येणाऱ्या पाण्याच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी सोडणं धरणवाल्यांना बंधनकारक.

गंगेला आहे, दक्षिणगंगेला नाही. कुंभमेळा दोन्हीकडे भरतो.

आणि लवादाच्या आदेशातली मेख बघा. ‘कोरड्या काळातल्या प्रवाहाच्या’ टक्के. आपली नदी उन्हाळ्यात आधीच आटलेली. शून्याचे वीस टक्के म्हणजे शून्य. उत्तरेत बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नदीचं माप दख्खनच्या नदीला लावून उपयोग नाही. आपल्या नद्या पावसाळ्याच्या आहेत. त्यांचा हक्क पावसाळ्यात मोजला पाहिजे.

मग करायचं काय? हिशोब मांडतो

मी धरणं फोडा म्हणत नाही. निळवंड्यासाठी ज्या दुष्काळी गावांनी पन्नास वर्षं वाट बघितली त्यांच्या तोंडावर असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. माझी मागणी एकच आहे. जुलैत एक पूर द्या.

उदाहरण म्हणून आकडे घेतो. मी इंजिनिअर नाही, नेमका आकडा नदी मोजून ठरवावा लागेल. समजा तीन दिवस २००० क्युसेक सोडलं. २००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २००० घनफूट, दिवसाचे ८६,४०० सेकंद, तीन दिवसांचे झाले जवळपास ५२ कोटी घनफूट. म्हणजे अर्धा टीएमसी. मग एकदम बंद न करता पुढं आठवडाभर ५०० क्युसेक, म्हणजे अंडी फुटेपर्यंत खडे ओले राहतील. त्याचे आणखी ०.३ टीएमसी. एकूण ०.८२ टीएमसी. दोन्ही धरणांच्या क्षमतेच्या चार टक्क्यांच्या थोडं वर.

आता म्हणाल, चार टक्के तरी का सोडायचे? म्हणून जायकवाडीकडे परत येतो. २०२३ला समन्यायी वाटपाचा नियम काय होता? १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ साली तसंच झालं. ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, त्यात प्रवरेच्या धरणांचा वाटा ३.३६ टीएमसी. नोव्हेंबरात, रब्बीच्या तोंडावर. केटीच्या फळ्या काढा, काठची वीज बंद करा, पोलीस बंदोबस्त लावा.

जुलैत सोडलेलं पाणी कुठं जातं? त्याच वाटेनं जायकवाडीत. १५ ऑक्टोबरच्या मोजणीत ते तिथं जमा असतं. म्हणजे जुलैचं पाणी फुकट जात नाही, ते नोव्हेंबरच्या देण्यातलं आगाऊ दिलेलं पाणी आहे. वाटेत कोरडं पात्र काही पिणार, पण ते काठच्या विहिरींत उतरणार. जायचंच आहे ते पाणी नोव्हेंबरात भांडून न्यायचं, की जुलैत माशांसकट न्यायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि ज्या वर्षी धरणं ओसंडतात त्या वर्षी तर हे पाणी पुढच्या महिन्यात दरवाजातून जाणारच असतं.

खरा धोका एका वर्षात आहे. जुलैत सोडलं आणि नंतर पाऊस गेला तर? ही शंका रास्त आहे. म्हणून नियमातच अट घाला. दोन्ही धरणांचा मिळून साठा निम्म्यावर गेला तरच पूर सोडायचा, नाहीतर त्या वर्षी नाही. मासा एक वर्ष चुकलं तर मरत नाही, खडस कित्येक वर्षं जगतो. सलग वीस वर्षं चुकली तर मात्र संपतो.

याच्या जोडीला दोन गोष्टी लागतील, नाहीतर हे पाणी सोडून काही हाती लागणार नाही. पहिली, जूनच्या पहिल्या आठवड्यात टोक्यापासून ओझरपर्यंत प्रत्येक केटीच्या सगळ्या फळ्या निघाल्या पाहिजेत, आणि त्याचा फोटो-पंचनामा झाला पाहिजे. दुसरी, ओझरला आणि जिथं पायाखाली पायरी पडलीय तिथं कडेनं दगडांचा तिरका चर काढावा, मासा थांबत थांबत चढेल असा. उंच धरणाला माशांची शिडी लावायची कल्पना हास्यास्पद आहे. दोन-चार मीटरच्या बंधाऱ्याला ती नाही.

यानं भंडारदऱ्यात अडकलेली वाळू खाली येणार नाही, हेही सांगतो. तिच्यावर आज एकच उपाय आहे, आहे ती उचलायची नाही.

‘मासे तर आहेत की, मत्स्यबीज सोडतोच आम्ही,’ असं अधिकारी म्हणतील. खरं आहे. तलावात कटला-रोहू सोडता, ठेका देता, काढता. ती मत्स्यशेती झाली. कोंबड्यांचं पोल्ट्री आहे म्हणून रानात तितर आहेत असं होत नाही. नदी जिवंत आहे का हे ओळखायची खूण वेगळी आहे. ऑगस्टमध्ये ओझरच्या खाली, खड्यांच्या उथळ पाण्यात, बोटभर पिल्लं दिसतात का? दिसली तर वाट आणि वेळ दोन्ही जुळले. तराजू लागत नाही, लॅब लागत नाही. नदीकाठच्या शाळेची पोरं मोजू शकतात.

पुढच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांच्या तारखा ठरतील. खरीप, रब्बी, उन्हाळी. त्या यादीत एक ओळ वाढवा, एवढंच म्हणणं आहे. नदीचं आवर्तन. आपल्या भागातला जो कोणी समितीवर असेल त्याला हे वाचून दाखवा. तो हसेल. मी पहिल्यांदा एका बैठकीत विचारलं तेव्हा सगळे हसले होते. एक जण म्हणाला, “पत्रकार, आता माशांना पण कोटा द्यायचा का?”

हो. द्यायचा. दोनशे किलोमीटर नदी त्यांच्याकडून घेतली, दहा दिवस तरी परत द्या.